थ्री पिन फॅन, फोर पिन हेडर आणि ती चौथी वायर

प्रश्न: दादा, सिडकोत राहतो. घरच्या पीसीला पुढे दोन थ्री पिन फॅन आहेत आणि मागे एक फोर पिन. बोर्डावरचे हेडर सगळे फोर पिनचेच. पुढचे दोन स्प्लिटरवर आहेत, ते कायम फुल स्पीडला घों घों करतात, मागचा मात्र शांत. दुकानवाला म्हणतो थ्री टू फोर पिन कन्व्हर्टर लाव, कंट्रोल होतील. ही चौथी वायर नक्की करते काय, आणि कन्व्हर्टरने काम होईल का?

उत्तर:

कन्व्हर्टर घेऊ नको, पैसे वाया जातील. चौथी पिन कनेक्टरवर आणून काहीच होत नाही, फॅनच्या आत तिचं ऐकणारं कोणीतरी पाहिजे आणि थ्री पिन फॅनमध्ये ते नसतंच. तुझं काम बहुतेक बायोसमधल्या एका सेटिंगने होईल, ते सांगतोच, पण आधी चौथ्या वायरचं काम समजून घे म्हणजे पुढे कुठला फॅन कुठे लावायचा हे कोणाला विचारत बसावं लागणार नाही.

पहिल्या तीन वायर दोन्हीकडे सारख्याच असतात. एक नंबर ग्राउंड, दोन नंबर बारा व्होल्ट, तीन नंबर टॅको. टॅको म्हणजे फॅनने बोर्डाला कळवायची वायर, फॅन एक फेरा पूर्ण करतो तेव्हा त्यावर दोन पल्स येतात आणि बोर्ड ते मोजून आरपीएम दाखवतो. समज फॅन 1200 आरपीएमने फिरतोय, म्हणजे सेकंदाला 20 फेरे, म्हणजे टॅकोवर सेकंदाला 40 पल्स. बायोसमध्ये जो आकडा हलताना दिसतो तो इथूनच येतो. म्हणजे तिसरी वायर फॅनकडून बोर्डाकडे जाते, आणि चौथी बोर्डाकडून फॅनकडे. बऱ्याच जणांना वाटतं की चौथीतून जास्तीचा करंट जातो किंवा फोर पिन फॅन जास्त पावरफुल असतो, तसं काही नाही. चौथीतून मोटरला वीज जातच नाही, फक्त "किती स्पीडने फिर" एवढा निरोप जातो.

आता ही वायर काढायची वेळ का आली ते बघ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तीन वायरच्या फॅनचा स्पीड कमी करायचा तर बोर्डाकडे एकच उपाय, बारा व्होल्टच्या जागी कमी व्होल्टेज द्यायचं. नऊ दिले की थोडा हळू, सात दिले की अजून हळू. हे चालतं, पण एका मर्यादेपर्यंतच, कारण फॅनच्या आत नुसती मोटर नसते, एक हॉल सेन्सर आणि एक छोटी ड्रायव्हर आयसी असते जी कुठल्या कॉइलला कधी करंट द्यायचा ते ठरवते, आणि त्या आयसीला पण जगायला व्होल्टेज त्याच वायरमधून मिळतं. व्होल्टेज फार खाली नेलं की फॅन नुसता हळू होत नाही, पार थांबतो. आणि थांबलेला फॅन परत सुरू करायला, चालू फॅन फिरता ठेवायला लागतं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून काही फॅन चालू असताना चार-साडेचार व्होल्टवर पण रेटत राहतात पण बंद करून त्याच व्होल्टेजवर चालू करायला गेलं तर पातं जागचं हलत नाही, नुसतं थरथरतं.

दुसरा उपाय म्हणजे बारा व्होल्टच वेगाने चालू-बंद करायचे, अर्धा वेळ चालू अर्धा वेळ बंद. मोटरला हे चालतं सुद्धा. पण वीज बंद झाली की आतली आयसी आणि हॉल सेन्सर पण बंद, मग टॅकोच्या पल्स मधूनमधून तुटतात आणि बोर्डाला आरपीएम भलतेच दिसतात. शिवाय सावकाश चालू-बंद केलं तर फॅनमधून टकटक किंवा बारीक कुंई आवाज येतो तो वेगळाच.

चौथ्या वायरने हाच पेच सोडवला. बारा व्होल्ट कायम चालू, त्याला हात लावायचा नाही, आयसी कायम जागी, टॅको कायम खरा, आणि चालू-बंदचा सिग्नल वेगळ्या वायरवर. तो सिग्नल वाचून मोटरला किती द्यायचं ते फॅनची आयसी स्वतः ठरवते. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. इंटेलने फोर वायर फॅनसाठी जे स्पेसिफिकेशन काढलंय (2005 ची 1.3 रिव्हिजन लोक अजून वापरतात) त्यात ह्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी 25 किलोहर्ट्झ ठेवलीय, 21 ते 28 च्या मधे चालते. म्हणजे एक चालू-बंदचं चक्र 40 मायक्रोसेकंदाचं. 30 टक्के सांगायचं तर 12 मायक्रोसेकंद सिग्नल वर, 28 खाली. आणि 25 किलोहर्ट्झ माणसाच्या कानाच्या पलीकडे, म्हणून ती कुंई पण ऐकू येत नाही.

घरातल्या सिलिंग फॅनवरून बघ. जुना पंखा आणि भिंतीवरचा रेग्युलेटर म्हणजे आपला थ्री पिन, वीजच कमी द्यायची. आणि हल्लीचा रिमोटवाला बीएलडीसी पंखा म्हणजे फोर पिन, त्याला वीज पूर्ण लागते आणि स्पीड रिमोटने सांगायचा, तोच पंखा जुन्या रेग्युलेटरवर टाकला की नखरे करतो.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. चौथ्या वायरवरचं व्होल्टेज बोर्ड देत नाही, फॅन स्वतःच आतून ती वायर वर धरून ठेवतो, बोर्ड फक्त ती खाली ओढतो आणि सोडतो. ह्याचे दोन फायदे. एक म्हणजे वायर तुटली, पिन बसली नाही, किंवा हेडरला चौथी पिनच नाही, तर सिग्नल कायम वर राहतो आणि फॅन त्याचा अर्थ शंभर टक्के असा घेतो. बिघाड झाला तर फॅन फुल पळेल, बंद पडणार नाही, मुद्दाम असं ठेवलंय. दुसरं म्हणजे एकाच हेडरची चौथी पिन दोन-तीन फॅनना वाटून देता येते, स्प्लिटर म्हणूनच चालतात.

एवढं कळलं की तुझ्या मशीनचं कोडं सुटतं. तुझा स्प्लिटरवाला हेडर सध्या पीडब्ल्यूएम मोडमध्ये आहे असं मला वाटतंय. त्या मोडमध्ये बोर्ड दोन नंबर पिनवर कायम पूर्ण बारा व्होल्ट देतो आणि स्पीडचा निरोप चार नंबरवर पाठवतो. तुझे पुढचे फॅन तो निरोप वाचू शकत नाहीत, त्यांच्याकडे ती वायरच नाही, त्यांना फक्त बारा व्होल्ट दिसतात, मग ते बिचारे जीव तोडून फिरतात. मागचा फोर पिन आहे, त्याला निरोप पोचतो, तो शांत. कन्व्हर्टर लावलास तरी हेच राहणार.

तसाच एक पीसी मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेला, सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसातला, त्याचंच सांगतो म्हणजे आकडे समोर येतील. पुढे दोन थ्री पिन 120 एमएम, दोन्ही स्प्लिटरने SYS_FAN1 वर. बायोसमध्ये फॅन 45 टक्क्यांवर दाखवत होता पण आरपीएम 1180 च्या आसपास, आणि फॅनवर छापलेला स्पीड 1200. इथेच कळलं, सांगितलंय 45 आणि पळतोय जवळजवळ शंभर. कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती स्पीड ही बायोसमधली रेषा, वर-खाली करून बघितली, आकडा तसाच ढिम्म. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळा प्रोब एक नंबरला आणि लाल दोन नंबरला, कनेक्टरच्या मागून वायर जिथे आत शिरते तिथून. बारा व्होल्ट, कर्व्ह कुठेही न्या, बाराच. म्हणजे हेडर पीडब्ल्यूएम मोडमध्ये, शंकाच नाही. (प्रोब लावताना दोन पिन एकमेकींना टेकवू नकोस, हेडर जळायला तेवढं पुरतं. हात थरथरत असेल तर मोजायच्या भानगडीत पडू नको, कर्व्ह हलवून आरपीएम बघितलं तरी तेच कळतं.)

मग तिथे मोड DC केला. लगेच दोन नंबरवर व्होल्टेज साडेपाचच्या आसपास आलं आणि फॅन 600 च्या खाली गेले, आवाज जवळपास गायब. ऑफिसवाला खूश, पण मी तिथे थांबलो नाही कारण खालची मर्यादा बघायची होती. 30 टक्क्यांवर नेलं तर साडेतीन-पावणेचार व्होल्ट, एक फॅन थांबला आणि दुसरा फिरत राहिला. आणि गंमत म्हणजे बायोसमध्ये सगळं ठीक दिसत होतं, कारण स्प्लिटरमध्ये टॅकोची वायर फक्त एकाच कनेक्टरला जोडलेली असते, आणि थांबलेला फॅन नेमका दुसऱ्या कनेक्टरवर होता. हे स्प्लिटर बनवणाऱ्याची चूक नाही बरं का, दोन टॅको एकत्र केले तर पल्स एकमेकांत मिसळून काहीच धड दिसत नाही, म्हणून मुद्दाम एकच ठेवतात. तुझा स्प्लिटर हातात घेऊन बघ, एका कनेक्टरमध्ये तीन नंबरचं घर रिकामं दिसेल. त्या कनेक्टरवरचा फॅन बंद पडला तर बोर्ड तुला कधीच सांगणार नाही, झाकण उघडून डोळ्याने बघावा लागतो.

त्या मशीनला मी मग कर्व्हचा सगळ्यात खालचा पॉइंट 50 टक्के ठेवला. 40 वर दोन्ही फॅन फिरत होते, पण मशीन पूर्ण बंद करून परत चालू केलं की एक उठायला वेळ लावत होता, आणि वर्षभराने बेअरिंगमध्ये धूळ बसली की तो 40 वर अडकणारच. एमआयडीसीतली धूळ आणि एप्रिल-मेचा आपला नाशिकचा चाळीसच्या घरातला पारा, तिथे दोन डेसिबल वाचवायला एवढं ताणण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता तुझ्याकडे काय करायचं. बायोसमध्ये जा, बहुतेक बोर्डांना Delete ने उघडतं. एसुसला Q-Fan Control मध्ये PWM Mode, DC Mode आणि Auto असे पर्याय असतात, हेडरचं नाव CHA_FAN1 वगैरे. एमएसआयला Hardware Monitor च्या पानावर प्रत्येक फॅनसमोर PWM आणि DC टिक करायला मिळतं. गिगाबाइटला Smart Fan मध्ये PWM आणि Voltage असं लिहिलेलं असतं, Voltage म्हणजेच डीसी. पुढचे दोन ज्या हेडरवर आहेत तो DC कर, मागच्याचा PWM राहू दे. Auto वर भरवसा ठेवू नको, एकच फॅन असेल तर बऱ्याचदा बरोबर ओळखतो पण स्प्लिटरवर चुकायची शक्यता असते, हाताने ठरवलेलं बरं. सेव्ह करून परत बायोसमध्येच बस आणि कर्व्ह ओढून बघ. आरपीएम खाली-वर व्हायला लागला की काम झालं.

तिन्ही फॅन एकाच स्प्लिटरवर टाकायचा विचार मनात आला तर तो पण हेडर DC वरच ठेव. फोर पिन फॅनला चौथ्या वायरवर कोणी खाली ओढत नाही म्हणून तो "शंभर टक्के" समजतो, पण व्होल्टेजच कमी असल्यामुळे तो पण हळू होतो. म्हणजे डीसी दोघांना कळतं, पीडब्ल्यूएम एकालाच कळतं. फक्त फोर पिनवाले काही फॅन कमी व्होल्टेजला थ्री पिनच्या आधीच मान टाकतात, त्यांची आयसी बारा व्होल्ट गृहीत धरून बनवलेली असते. म्हणून मी शक्यतो त्यांची सरमिसळ करत नाही. करंटचं म्हणशील तर बहुतेक हेडर एक अँपियरचे असतात आणि साधा केस फॅन 0.15 ते 0.30 घेतो, लेबलवर बघ, दोन-तीन आरामात बसतात.

बायोसमध्ये DC चा पर्यायच दिसला नाही तर? काही बोर्डांवर CPU_FAN फक्त पीडब्ल्यूएमच असतो, तिथे थ्री पिन लावला की तो फुलच पळणार, पुढचे फॅन SYS किंवा CHA लिहिलेल्या हेडरवर ने. उलटा प्रकार पण असतो, जुन्या बोर्डांवर केस फॅनचा हेडर दिसायला चार पिनचा पण चौथ्या पिनला कंट्रोल काहीच नाही, आतून निव्वळ व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे थ्री पिन फॅन मस्त कंट्रोल होतो आणि लोक उगाच म्हणतात की थ्री पिन फोर पिनवर चालत नाही किंवा चालतो, दोघंही आपापल्या बोर्डावरून बोलत असतात.

बसवताना उलटं-सुलटं व्हायची भीती नको. हेडरच्या मागे जी प्लास्टिकची उभी पट्टी असते ती एक ते तीन नंबरच्या मागेच असते, चौथी पिन पट्टीच्या बाहेर. कनेक्टरवरच्या दोन कडांच्या मधे ती पट्टी बसते, म्हणून थ्री पिनचा कनेक्टर पहिल्या तीनवरच जातो आणि चौथी मोकळी राहते. जोर लावायला लागला तर समज चुकीचं बसतंय. फोर पिन फॅन थ्री पिन हेडरवर पण असाच बसतो, त्याची चौथी वायर हवेत राहते, काही बिघडत नाही, तो थ्री पिनसारखा वागतो.

जी गोष्ट खरंच बिघडवू शकते ती म्हणजे वायर कापून जोडणं, आणि तुझा दुकानवाला कन्व्हर्टर नाही तर वायर जोडून देतो म्हणाला तर आधी हे वाच. रंगांवर जाऊ नको. जुन्या थ्री पिन फॅनमध्ये बहुतेक वेळा काळी ग्राउंड, लाल बारा व्होल्ट, पिवळी टॅको. इंटेलच्या पद्धतीच्या फोर पिनमध्ये काळी ग्राउंड, पिवळी बारा व्होल्ट, हिरवी टॅको, निळी कंट्रोल. म्हणजे पिवळी एका ठिकाणी टॅको आणि दुसऱ्या ठिकाणी थेट बारा व्होल्ट! पिवळीला पिवळी जोडली की टॅकोच्या पायावर बारा व्होल्ट जातात, तिथे आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो जो ग्राउंडकडे ओढतो, तो जळतो, कधीकधी आयसीसकट. मग फॅन एकतर मरतो नाहीतर फिरतो पण आरपीएम शून्य दाखवतो. आणि भरीत भर म्हणजे पीएसयूच्या मोठ्या मोलेक्सला पिवळी बारा आणि लाल पाच व्होल्ट असते, तिथे फॅनची लाल लालला जोडली की बाराचा फॅन पाचवर लागतो, लोक म्हणतात फॅन स्लो झाला किंवा चालूच होत नाही. हल्ली तर सगळ्याच वायर काळ्या चपट्या पट्टीत येतात, रंगाचा प्रश्नच नाही, तिथे कडा समोर धरून एक नंबरपासून मोजायचं. आणि कापायची गरज तुझ्या कामात मुळात नाहीच.

हे सगळं साध्या डेस्कटॉपच्या मोठ्या कनेक्टरसाठी आहे. लॅपटॉपचा फॅन चार वायरचा दिसला तरी बहुतेक पाच व्होल्टचा असतो आणि कनेक्टर छोटा, ग्राफिक्स कार्डचा पण छोटा, आणि काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये कंपनी स्वतःचाच क्रम लावते. तिथे नुसतं "चार वायर आहेत" एवढ्यावर जोडाजोडी करू नको.

नवीन फॅन घ्यायचे का, तर फक्त ह्या आवाजासाठी नको. डीसीवर थ्री पिन 50 ते 100 टक्क्यांमध्ये व्यवस्थित वागतो आणि केसच्या फॅनला त्याच्या खाली जायची गरज फारशी पडत नाही. प्रोसेसरच्या कूलरला मात्र मी फोर पिनच लावतो, तिथे तापमान क्षणात वर-खाली होतं आणि फॅनला 20-25 टक्क्यांपर्यंत खाली नेऊन परत लगेच वर आणता आलं पाहिजे, हे व्होल्टेजने नीट जमत नाही.

DC करून बघ आणि 50 टक्क्यांवर आणि 100 वर किती आरपीएम येतात ते दोन्ही आकडे टाक, बोर्डाचं मॉडेल पण लिही. 100 ला हजार-बाराशे आणि 50 ला त्याच्या निम्म्याच्या आसपास आले तर दोन्ही फॅन हाताने एकदा फिरतायत का बघून झाकण लाव. दोन्हीकडे आकडा सारखाच आला तर त्या हेडरला डीसी मोड नाही, मग दुसऱ्या हेडरवर हलवू.